भारतात घड्याळ पुढे का करत नाहीत?

सुलभा_डोंबिवली: सध्या लेकाकडे न्यू जर्सीत आहे. मार्चमध्ये इथे घड्याळं तासभर पुढे केली आणि संध्याकाळी चांगलं उजेडात फिरता येऊ लागलं. आपल्याकडे आसामात डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो म्हणतात. मग भारतातही उन्हाळ्यात घड्याळ पुढे केलं तर आसामचा प्रश्न सुटेल आणि सगळ्यांची वीजही वाचेल. सरकार का करत नाही?

रानवाटा: +१. मूळ कल्पनाच शेतकऱ्यांसाठी निघाली होती, आणि आपला देश तर कृषिप्रधान.

धूमकेतू: शेतकऱ्यांसाठी नाही हो. 1916 मध्ये युद्ध चालू असताना आधी जर्मनीने आणि पाठोपाठ ब्रिटनने कोळसा वाचवायला हे केलं. शेतकऱ्यांचा उलट विरोधच असे. गाय घड्याळ बघून दूध देत नाही, आणि गवतावरचं दव उन्हानेच सुकतं.

सुलभाताई, तुम्ही दोन वेगळी दुखणी एकत्र केलीत. लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा. घड्याळ पुढे केलं नाही तर पावणेचारलाच सूर्य उगवतो आणि लोक झोपेत असताना तो उजेड वाया जातो. त्यातला तासभर उचलून संध्याकाळी ठेवतात, इतकंच. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकराचा. उचलायला आहे काय?

आसामचं दुखणं रेखांशाचं आहे. आपली वेळ 82.5 अंशांवर बांधलेली आणि एका अंशाला सूर्याला चार मिनिटं लागतात. दिब्रुगड जवळपास 95 अंशांवर, म्हणजे तिथला सूर्य घड्याळाच्या पन्नास मिनिटं पुढे. मुंबई 73 अंशांच्या आत, म्हणून इथला 39 मिनिटं मागे. जुना ‘बॉम्बे टाइम’ नेमका तेवढाच मागे होता आणि 1955 पर्यंत चालला. आसामचा अंधार डिसेंबरातला. उन्हाळ्यापुरतं घड्याळ पुढे करून तो कसा जाईल?

बागानकर: दिब्रुगडजवळ नोकरी केली आहे. जूनमध्ये सव्वाचारला ऊन खिडकीत. ऑफिस दहाचं, तोवर अर्धा दिवस संपल्यासारखा वाटायचा. डिसेंबरात चार-वीसला सूर्य गुडुप, पुढचं सगळं काम ट्यूबलाइटखाली. चहाच्या मळ्यांनी मात्र ब्रिटिशांच्या काळापासून स्वतःपुरता मार्ग काढलाय: ‘बागान टाइम’, आपल्या घड्याळाच्या तासभर पुढे. मळ्यातल्या कुणाला भेटायला जायचं तर आधी विचारावं लागायचं, नऊ म्हणजे तुमचे की बागानचे? ईशान्येला सरळ वेगळी वेळ द्या.

सिग्नल_डाउन: रेल्वेत जन्म गेला, म्हणून बोलतो. बंगालातून आसामात शिरताना गाडीचं घड्याळ कुठे बदलायचं? स्टेशन मास्तर एका वेळेत आणि पुढचा दुसऱ्या वेळेत, ही चूक रजिस्टरमधली नसते, रुळावरची असते.

धूमकेतू: त्याचाही विचार झालाय. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने 2018 मध्ये दोन वेळांचा प्रस्ताव मांडला, तेव्हा सीमा मुद्दाम बंगाल-आसाम हद्दीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर, 89 अंश 52 कलांवर धरली. वेळ बदलण्याचा प्रश्न न्यू कूचबिहार आणि अलीपूरद्वार या दोनच स्टेशनांपुरता उरतो. शिवाय रेल्वेने आपली वेळ बदलायलाच हवी असं कुठे आहे? रशियात इतकी वेगवेगळी घड्याळं, तरी 2018 पर्यंत सगळ्या गाड्यांचं वेळापत्रक मॉस्कोच्या वेळेचं होतं.

सिग्नल_डाउन: म्हणजे तिकिटावर सात, गुवाहाटीच्या भिंतीवर आठ. गाडी सुटलेला प्रवासी भांडायला मॉस्कोला जाणार नाही, आमच्याच खिडकीवर येणार.

रानवाटा: मग मधला मार्ग काढा. सगळ्या देशाचंच घड्याळ एकदाच, कायमचं अर्धा तास पुढे. बंगळुरूच्या संशोधकांनी हेच सुचवलं होतं. सीमाही नको, मार्च-नोव्हेंबरची कटकटही नको.

शाळेचा_डबा: तुमच्या घरी सात वाजताची शाळा दिसत नाही! मुंबईत जानेवारीत सूर्य सव्वासातला उगवतो. तुमच्या हिशेबाने पावणेआठ. साडेसहाला रिक्षावाले काका दारात येतात तेव्हा आत्ताच काळोख असतो. दिब्रुगडच्या उजेडाची किंमत वसई-विरारच्या पोरांनी का मोजायची?

बागानकर: शाळा आठची करा.

शाळेचा_डबा: मग दुपारचं अधिवेशन कधी भरवू? वर्ग तेच आहेत. आणि तसंच असेल तर दिब्रुगडचं ऑफिसही आठचं करा ना, घड्याळाला कशाला हात लावता?

बागानकर: ऑफिस आठला उघडेल हो, पण दिल्लीचा साहेब दहाशिवाय फोन उचलत नाही आणि संध्याकाळी सहापर्यंत आम्हाला सोडत नाही. मळ्याला हे जमतं कारण मळ्याचा साहेब मळ्यातच राहतो.

सुलभा_डोंबिवली: विजेचं कुणीच बोललं नाही.

धूमकेतू: अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात 2006 मध्ये सर्वत्र घड्याळ पुढे करायला लागले, तेव्हा घरांच्या बिलांवरून हिशेब मांडला गेला. दिव्यांची वीज थोडी वाचली, पण लोक तासभर आधी, उन्हं तापलेली असतानाच घरी येऊन एसी लावू लागले, त्यात त्याहून जास्त गेली. नागपूरच्या मे महिन्यात काय होईल ते विदर्भातल्या मंडळींनी सांगावं.