मदत हवी आहे: 8 लाखांसाठी फ्लॅट गहाण ठेवून कर्ज की पर्सनल लोन?

कातळसडा: नमस्कार मंडळी. गुहागरजवळ आमचं जुनं कौलारू घर आहे, यंदा वासे आणि रीपा पार कुजल्यात, सुताराने सांगितलंय की मिरगाच्या आधी छप्पर उतरवून नवीन केलं नाही तर पडवी बसेल. लाकूड, लोखंडी कैच्या, पत्रा, मजुरी, थोडं भिंतीचं काम धरून 8 लाख एकरकमी लागतील. पगार हातात 42 हजार, रत्नागिरीत नोकरी. बायको गावच्या घरात दोन खोल्या पर्यटकांना देते पण ते उत्पन्न दिवाळी, नाताळ आणि मे महिना एवढंच, पावसाळ्यात शून्य.

दोन पर्याय समोर आहेत. पगार जमा होतो त्या बँकेचं पर्सनल लोन, साडेबारा टक्के, 5 वर्षं, हप्ता 17,998, प्रोसेसिंग 2 टक्के अधिक जीएसटी म्हणजे 18,880. दुसरं, रत्नागिरीतला माझ्या नावचा फ्लॅट गहाण ठेवून दुसऱ्या बँकेचं, 10 टक्के फ्लोटिंग, 15 वर्षं, हप्ता 8,597. त्याची प्रोसेसिंग 9,440 आणि वकिलाचा सर्च, व्हॅल्युएशन, मुद्रांक, गहाणाची सरकारी नोंद करायची नोटीस ऑफ इंटिमेशन मिळून साधारण 17,000. हप्ता निम्मा दिसतोय म्हणून मन तिकडे ओढ घेतंय पण खरा खर्च कुठल्याचा जास्त हे नीट कळत नाहीये, कुणी समजावून सांगेल का?

नारळीबाग: दादा व्याजदर बघा ना सरळ, 10 कुठे आणि साडेबारा कुठे. तारण दिलं की स्वस्तच पडतं, यात विचार काय करायचा.

आकडेमोड: नारळीबाग, दर स्वस्त आहे हे खरं पण मुदत वेगळी असताना नुसता दर बघून चालत नाही. कातळसडा, तुमचेच आकडे घेतो. पर्सनल लोनला 5 वर्षांत व्याज जातं अंदाजे 2,79,900, फी धरून 2,98,800. फ्लॅटवरचं कर्ज 15 वर्षं रडतखडत फेडलंत तर नुसतं व्याज 7,47,000 च्या वर, म्हणजे छपराच्या किमतीएवढंच जवळजवळ व्याज. तेच कर्ज 5 वर्षांचं घेतलंत तर हप्ता 16,998, व्याज 2,19,900, फी धरून 2,46,300. म्हणजे मुदत सारखी असेल तर फ्लॅटवालं साधारण 52 हजारांनी स्वस्त.

फी धरून खरा दर काढायचा असेल तर हातात किती आले तो आकडा घ्या, मंजूर रक्कम नाही. एक्सेलमध्ये हे टाका:

```
=RATE(60,-17998,781120)*12
=RATE(60,-16998,773560)*12
```

पहिलं येतं साडेतेराच्या किंचित वर, दुसरं साडेअकराच्या जवळ. म्हणजे अडीच टक्क्यांचा फरक दिसतोय तो प्रत्यक्षात दोनच्या आसपास, कारण फ्लॅटवाल्यात फी जास्त आणि ती सुरुवातीलाच जाते. दोन्ही बँकांकडून केएफएस, म्हणजे कर्जाचा दर, फी, अटी एका जागी दिलेलं पत्रक, मागून घ्या, 1 ऑक्टोबर 2024 पासून ते द्यायलाच लागतं, त्यात एपीआर म्हणजे फी धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. फक्त मुद्रांकासारखं जे तुम्ही परस्पर भरता ते त्यात आलंय का हे विचारा.

देवगडची_ताई: आमचा अनुभव सांगते, आम्ही कलमांच्या बागेवर कर्ज मागायला गेलो होतो, सातबाऱ्यावर चुलत्यांची मिळून अकरा नावं, सगळ्यांच्या सह्या आणा म्हणाले, दोघं मुंबईला एक दुबईला. माका तरी गावला नाय. शिवाय थकलेल्या कर्जासाठी बँकेला तारण जप्त करू देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर जप्ती करता येत नाही म्हणून बँका तसंही नको म्हणतात. तुम्ही बाग गहाण टाकू नका भाऊ.

कातळसडा: ताई, बाग नाही, फ्लॅट आहे, तो एकट्या माझ्या नावावर. पण तुमचं म्हणणं गावच्या घराला लागू पडतं, ते सामायिक आहे, काकांची नावं आहेत, म्हणून घरदुरुस्तीचं कर्ज मिळेना आणि फ्लॅट मध्ये आणावा लागतोय.

आकडेमोड, हिशेब कळला, आभार. पण 17 हजारांचा हप्ता जून ते सप्टेंबर मला झेपणार नाही, मुलाची फीही तेव्हाच असते. म्हणूनच 8,597 वर डोळा होता.

आकडेमोड: मग तिसरा रस्ता बघा. फ्लोटिंग दराचं, एका व्यक्तीच्या नावावरचं आणि धंद्यासाठी नसलेलं कर्ज आधी फेडलं तर बँक दंड लावू शकत नाही, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. पर्सनल लोन बहुतेक फिक्स्ड दराचं असतं, तिथे दंड असू शकतो, तुमच्या पत्रात बघा. तर 15 वर्षांचंच घ्या, महिना 8,597 भरा आणि दर वर्षी मे महिन्याचा हंगाम संपला की 1 लाख मुद्दलात टाका. मी वर्षावर्षाने मांडून बघितलं, पाच वर्षांनंतर बाकी राहते 34 हजारांच्या आसपास आणि पुढच्या चारपाच हप्त्यांत कर्ज संपतं. एकूण व्याज अडीच लाख, फी धरून 2,77,000. म्हणजे पर्सनल लोनपेक्षा वीसेक हजार कमी आणि पावसाळ्यात हप्ता निम्मा.

लाख भरताना 'हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा' असं लेखी द्या, नाहीतर काही ठिकाणी हप्ताच कमी करतात आणि कर्ज लांबतं. एका वेळी कमीत कमी किती भरावं लागतं तेही विचारा. आणि एक वर्ष पर्यटक कमी आले, लाख पडला नाही, तर हा सगळा हिशेब सरकतो, हे घरात दोघांनी बसून ठरवा.

शिवारातली: विम्याचं कुणी बोललंच नाही! माझ्या दिराच्या कर्जात विम्याचा हप्ता न विचारता कर्जाच्या रकमेतच घातला होता, सही करताना कळलं.

कातळसडा: ताई, बरं झालं बोललात, आज फोन करून विचारलं. 21,000 चा विमा आहे म्हणे, 'सगळेच घेतात', कर्जातच धरतील.

आकडेमोड: 2,77,000 मध्ये 21 हजार मिळवा, 2,98,000 झाले, वर त्या 21 हजारांवर व्याज. पर्सनल लोनशी बरोबरी झाली, फ्लॅट गहाण टाकून वाचलं काहीच नाही, उरला फक्त लहान हप्ता. त्यांच्याच कंपनीचा विमा घ्यायची सक्ती नसते, सक्ती आहे म्हणाले तर लेखी मागा. आधीची टर्म पॉलिसी असेल तर ती दाखवा. आणि पर्सनल लोनमध्येही असा विमा लपलाय का बघा, तुलना दोन्हीकडे सारखी हवी.

नारळीबाग: विमा मुळीच नको असं मी म्हणणार नाही. कमावता एकटाच आणि राहता फ्लॅट गहाण, उद्या बरंवाईट झालं तर बायकोपोरांनी कुठे जायचं?

आकडेमोड: मुद्दा बरोबर आहे, कव्हर हवंच. फक्त बाहेरून टर्म घेतली तर किती पडते ते वयावर आहे, आधी तो भाव काढा.

देवगडची_ताई: आणि वेळेचं काय? आमच्या गावातल्या एकाला फ्लॅटवरच्या कर्जाला महिना लागला, जुन्या सोसायटीचा कागद मिळेना. सुतार मिरगापर्यंत थांबणार आहे का?

कातळसडा: तीच धाकधूक आहे. वकिलाला आज कागद दिलेत, सर्च रिपोर्टला आठवडा लागेल म्हणाला. सुताराला लाकडापुरते दीड लाख घरातूनच देतो म्हणजे कर्ज साडेसहा लाखांवर येईल आणि कामही सुरू होईल. आकडेमोड, साडेसहावर फी तेवढीच राहते का कमी होते?

आकडेमोड: प्रोसेसिंग आणि मुद्रांक रकमेवर असतात, ते कमी होतील. वकील आणि व्हॅल्युएशनचे जवळजवळ तेवढेच, त्यामुळे कर्ज लहान झालं की फ्लॅटवाल्याचा फायदा आणखी कमी होतो. नवीन पत्रक आलं की इथे आकडे टाका, परत मांडू. आणि शेवटचा हप्ता भरल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत द्यायचे असतात, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 भरपाई. म्हणून कुठले कागद दिलेत त्याची सही-शिक्क्याची यादी आजच घेऊन ठेवा.