मदत हवी आहे: कोड्याच्या व्हिडिओत विचार करायला वेळ कुठं आणि किती द्यावा?

कोल्हापुरातनं मिनिटभराचे उभे व्हिडिओ करतोय, बघणारी बहुतेक सातवी-आठवीची पोरं. कोडं असंय, गुळाच्या ९ सारख्या ढेपा, एक हलकी, ती शोधायला तराजू दोनदाच वापरायचा. उत्तर ३-३ टाकून, कारण समान झाले तर हलकी उरलेल्या तिनात, नाहीतर वर गेलेल्या तिनात, मग त्या तिनातल्या १-१.

५ सेकंदांचा काउंटडाऊन ठेवला तर पोरं म्हणतात विचारच झाला नाही, १५ सेकंद गप्प ठेवलं तर बघणाऱ्यांचा ग्राफ तिथंच खाली येतो. मध्येच "तीन ढीग करा" म्हटलं तर कोडंच फुटतं, आणि "व्हिडिओ थांबवा" म्हटलं तर थांबवत कोण नाही. चेहरा दाखवायचा नाही, फक्त आवाज आणि खऱ्या ढेपा.

मग ४-४ टाकायची चूक काउंटडाऊनच्या आधी दाखवू का उत्तर उघडताना, आणि शेवटचे ३ सेकंद नुसती टिकटिक पुरेल का?