आईची फास्टिंग शुगर कुठं तपासावी? बजेट ३०० (खानापूर तालुका)

नंदगडचा_पोरगा: आमच्या गावात सकाळी ७ ला एक पोरगा येऊन रक्त घेतो, लाल टोपणाच्या साध्या ट्यूबमध्ये. मग बाकीची गावं फिरून सॅम्पल बेळगावला पोचतात दुपारी १२ च्या आसपास. आईचा रिपोर्ट आला ९६. त्याच सकाळी घरच्या मीटरवर १३१ दाखवलेलं. डॉक्टर म्हणाले शुगर नाही, मीटर टाकून द्या. पण आईला रात्री चारदा उठावं लागतंय. कुठं तपासू? ३०० च्या वर जाणार नाही, आणि आईला बसमध्ये उलटी होते.

टिळकवाडी७२: मी साडेतीन हजाराचं मीटर घेतलंय, मोबाइलला जोडतं, गेल्या दोन वर्षांत लॅबचं तोंड बघितलं नाही. तेच घ्या.

निपाणीकर_अक्का: बजेट ३०० म्हणालाय की हो तो! आमच्या ह्यांचंपण असंच झालेलं, रिपोर्ट चांगला म्हणून वर्षभर गोड खाल्लं.

सेंट्रिफ्यूज_मामा: मी १९ वर्षं लॅबमध्ये काम करतोय. ९६ आकडा मशीनने बरोबरच मोजला असणार, पण तो दुपारी १२ च्या रक्ताचा आहे, सकाळी ७ च्या आईचा नाही. ट्यूबमध्ये लाल पेशी जिवंतच असतात, त्यांना जगायला साखर लागते आणि नवी साखर कुठून येत नाही. रक्त फिरवून पेशी वेगळ्या केल्या नाहीत तर साध्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के साखर त्या खातात. ६ टक्के धरून १३१ पासून बघा: ८ वाजता १२३, ९ ला ११६, १० ला १०९, ११ ला १०२, १२ ला ९६. उन्हात गाडीच्या डिकीत असेल तर आणखी लवकर, पांढऱ्या पेशी वाढल्या असतील तरी लवकर. पण मीटरपण १५ टक्के इकडे-तिकडे दाखवू शकतं, म्हणून १३१ हेच खरं असं मी म्हणणार नाही. हिशोब जुळतो एवढंच.

शहापूर_साडी: शुगरच्या राखाडी ट्यूबमध्ये फ्लोराइड असतं म्हणे. फ्लोराइडचं पाणी पिऊन दात पिवळे होतात ना? ते रक्तात कशाला घालायचं?

सेंट्रिफ्यूज_मामा: ताई, ते ट्यूबमध्ये असतं, अंगात जात नाही.

चिकोडी_बीएस्सी: सोपं आहे, राखाडी टोपणाची ट्यूब मागा. त्यात सोडियम फ्लोराइड असतं, रक्त पडलं की साखर जागच्या जागी थांबते, मग संध्याकाळी पोचलं तरी चालतं.

सेंट्रिफ्यूज_मामा: जागच्या जागी नाही थांबत, इथंच बरेच जण फसतात. फ्लोराइड अडवतं ते एनोलेज नावाचं एन्झाइम, आणि ते साखर फोडायच्या साखळीत पार शेवटाकडं आहे. वरच्या पायऱ्या तास-दोन तास चालूच राहतात, म्हणून सुरुवातीला ५-१० मिलिग्रॅम तरी जातातच. त्यानंतर मात्र दिवसभर आकडा बऱ्यापैकी टिकतो. म्हणजे १३१ चं १२३ वगैरे येईल, ९६ नाही. काठावरचा पेशंट असेल तर तेवढा फरकपण महत्त्वाचा, म्हणून बर्फात ठेवून अर्ध्या तासात फिरवणं सगळ्यात चांगलं. आणि रक्त घेतल्यावर ट्यूब ८-१० वेळा हळू उलटी-सुलटी करायची, नाहीतर पावडर तळाला तशीच बसते. जोरात हलवायची नाही, पेशी फुटतात.

टिळकवाडी७२: म्हणजे लाल ट्यूब बोगसच म्हणा की.

सेंट्रिफ्यूज_मामा: नाही हो. लालमध्ये घेऊन, गोठल्यावर लगेच फिरवून सीरम वेगळं काढलं तर आकडा बरोबर येतो. चूक ट्यूबची नाही, पाच तासांची आहे. जेलची ट्यूबसुद्धा न फिरवता ठेवली तर तेच होणार, जेल फिरवल्यावरच मध्ये येतं. आणि उलट बाजूनं, राखाडी ट्यूबमधून पोटॅशियम-सोडियम कुणी करू नका. ट्यूबमधलीच औषधं मिसळून आकडे वर जातात.

निपाणीकर_अक्का: मग तीन महिन्यांची करा की, एचबीएवनसी! ती ट्यूबमध्ये बदलत नाही म्हणे.

नंदगडचा_पोरगा: आईचं हिमोग्लोबिन ९ आहे अक्का.

सेंट्रिफ्यूज_मामा: मग ती एकटी धरू नका, रक्त कमी असलं की तो आकडापण फसवतो. अक्कांचं म्हणणं तेवढं खरं, प्रवासानं त्याला काही होत नाही.

लोंढा_एक्सप्रेस: बेळगावलाच न्या, पहिल्या बसनं, लॅबमध्ये बसूनच रक्त द्या. सगळे तेच सांगतायत.

चिकोडी_बीएस्सी: मीपण तेच म्हणतो.

नंदगडचा_पोरगा: आईला बसमध्ये घालणार नाही मी. त्या पोराशी बोललो, राखाडी ट्यूब त्याच्या बॅगेतच होती, कुणी मागत नाही म्हणून वापरत नव्हता. सोमवारी सगळ्यात शेवटी आमच्या घरी ये म्हणालोय, म्हणजे ९ ला घेऊन ११ पर्यंत लॅबला. बर्फाचा डबा मी देतो. आई रात्री ८ ला जेवते, म्हणजे उपास १३ तासांचा होईल, चालेल ना मामा?

सेंट्रिफ्यूज_मामा: चालेल. पाणी पिऊ दे. ट्यूबवर घेतल्याची वेळ लिहायला सांग, आणि त्याच वेळी मीटरवर पण बघ.

टिळकवाडी७२: माझ्या मीटरची लिंक हवी असेल तर सांगा.