ट्रान्सफॉर्मरला हात लावण्याआधी साहेबांनी केलेलं भाषण (आणि तुमचे अनुभव)

काल संध्याकाळी आमच्या कोपऱ्यावरच्या डीपीवर एक मुलगा चढला होता. पाऊस नुकताच थांबलेला. खाली उभा असलेला त्याचा जोडीदार फोनवर सांगत होता, "हो हो, पाच मिनिटांनी चालू करा." वरच्याला ते ऐकूही गेलं नसावं. मी धावत जाऊन म्हटलं, "अरे बाबा, आधी त्याला खाली येऊ दे, मग फोन कर." त्याने ऐकलं. पण रात्रभर डोळा लागला नाही. १९९७ साली ऐकलेलं एक भाषण डोक्यात फिरत राहिलं. ते इथे लिहितो, तुमचंही लिहा.

आयटीआय करून मी अप्रेंटिस लागलो होतो. ३३/११ चं उपकेंद्र, ५ एमव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर, दोन्ही एकाच ११ केव्ही बसवर. एक नंबरच्या ११ च्या बुशिंगखालून तेल झिरपत होतं, गॅस्केट बदलायचं होतं. उन्हाळा, सकाळची वेळ, लोड कमी, त्यामुळे एकट्या दोन नंबरवर सगळे फीडर निभत होते. आम्ही सात अप्रेंटिस पाने-बिने घेऊन तयार. साहेबांनी ऑपरेटरला एक नंबरचा ३३ चा ब्रेकर पाडायला लावला, आयसोलेटर उघडायला लावला. तिन्ही पाती हवेत उभी राहिलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली. मग त्यांनी विचारलं, "बंद झाला?"

सगळे एका सुरात, "झाला साहेब."

"कान द्या."

कुणी हललं नाही. आणि ती घूंऽऽ ऐकू आली. एक नंबर गुणगुणत होता. साहेबांनी ऑपरेटरकडून लांब काठीवरचा डिटेक्टर घेतला, आधी दोन नंबरच्या चालू जंपरजवळ धरून तो पेटतोय याची खात्री केली, मग एक नंबरच्या ३३ च्या बुशिंगजवळ नेला. तिथेही पेटला.

मग ते बोलले. जवळजवळ असंच:

"पोरांनो, ट्रान्सफॉर्मरला दोन तोंडं असतात. तुम्ही एक बंद केलंत. दोन नंबरने ११ ची बस चालू ठेवलीय आणि ती बस आपल्या एक नंबरला मागून वीज पाजतेय. ११ घालाल तर वरती ३३ निघेल, त्याला उलटसुलट कळत नाही. ज्या बुशिंगला तुम्ही मेलेलं समजलात तिथे पूर्ण ३३ हजार आहे. मी आज मुद्दाम उलट केलं. रोज करताना आधी ११ चा इनकमर पाडायचा, मग ३३ चा ब्रेकर, मग आयसोलेटर. आणि ११ चा ब्रेकर नुसता पाडून भागत नाही. त्याचा ट्रक बाहेर ओढायचा, कारण आतला गॅप कुणाला दिसत नाही."

११ चा इनकमर पाडला तशी घूं थांबली, मग ट्रक बाहेर ओढला. ती शांतता मला अजून आठवते.

पुन्हा डिटेक्टर. ३३ कडे नाही, ११ कडे नाही. मग परत दोन नंबरजवळ नेऊन पेटवून पाहिला. मी विचारलं, आता कशाला? म्हणाले, "मधल्या दोन मिनिटांत याचाच सेल गेला असेल तर?"

मग डिस्चार्ज रॉड. आधी क्लॅम्प अर्थच्या पट्टीला घट्ट आवळायचा, नंतर हूक फेजवर. काढताना आधी हूक, मग क्लॅम्प. तिन्ही फेजना, दोन्ही बाजूंना. म्हणाले, "हूक आधी टाकलात आणि तार जिवंत निघाली, तर मोकळा क्लॅम्प तुमच्या हातात असेल, आणि जमिनीकडे जायची वाट तुम्ही असाल. हे रॉड आजच्या विजेसाठी लावत नाही, ती गेलीय. दुपारी कुणी चुकून ब्रेकर चढवला तर तो जागीच पडावा म्हणून लावतो. म्हणून तुम्ही कायम दोन अर्थच्या मध्ये. पलीकडे एक वीतसुद्धा नाही."

परमिटचं पुस्तक मात्र त्यांनी माझ्या हातात दिलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. काय बंद केलं, रॉड कुठे, किती वाजता. आणि सर्वांत महत्त्वाची ओळ, शेजारी काय चालू आहे: "११ ची बस चालू. इनकमर पॅनेलचं मागचं झाकण उघडू नये." कार्बन घालून दोन प्रती. आयसोलेटरच्या कुलपाची किल्ली परमिट घेणाऱ्या फोरमनच्या खिशात. "ज्याने घेतलं त्यानेच परत करायचं. तोंडी नाही, चिठ्ठी पाठवून नाही, आणि 'तीन वाजता चढवा' तर कधीच नाही. घड्याळाला माहीत नसतं वर माणूस आहे की नाही."

कालच्या त्या "पाच मिनिटांनी"मुळे हे सगळं वर आलं.

---

गावाकडचा_वायरमन
दादा अंगावर काटा आला. आमच्याकडे एबी स्विचचा दांडा पूर्ण खाली, कुलूप लावलेलं, सगळं रीतसर. मी सवयीने वर बघितलं तर मधलं पातं अडकलेलं. दोन उघडी, एक चिकटलेलं. गंज धरला होता. दांड्यावर विश्वास ठेवून चढलो असतो तर हे लिहायला नसतो. तेव्हापासून मान वर करून तीन मोजतो, मोठ्याने.

सुप्रिया_१२
तीन मोजतो हे वाचून डोळ्यात पाणी आलं. माझे बाबा लाइनमन होते. घरी आले की आई विचारायची "मोजले का?" म्हणजे रॉड. चार नेले की चार परत. लहानपणी वाटायचं चोरीला जातात म्हणून विचारते. खूप उशिरा कळलं, एक जरी तारेवर राहिला आणि वीज सोडली तर काय होतं.

पॅनेलवाला
चांगलं लिहिलंय, पण आता हा प्रश्न राहिला नाही. इंटरट्रिप असतं. ३३ चा पडला की ११ चा आपोआप पडतो. मागून वीज येणं शक्यच नाही.

निवृत्त_टेस्टिंग
पॅनेलवाला, अर्धं बरोबर. इंटरट्रिप पाडतं, तोडून ठेवत नाही. पडलेला ब्रेकर कुणीही बटण दाबून पुन्हा चढवू शकतो. शिवाय ते डीसीवर चालतं. बॅटरी उतरलेली असेल, ट्रिप कॉइल जळलेली असेल, तर दिवा हिरवा दिसावा अशी आशा करत बसायचं. मी एका ठिकाणी व्हॅक्यूम ब्रेकरचा एक पोल आत चिकटलेला पाहिलाय, बाहेरची पट्टी 'ऑफ' दाखवत होती. म्हणून ट्रक बाहेर, कुलूप, आणि कंट्रोलचे डीसी फ्यूजही काढून परमिट घेणाऱ्याकडे.

पॅनेलवाला
एक पोल चिकटलेला हे माहीत नव्हतं काका. आमच्याकडे ट्रक ओढतात, पण का ते कुणी सांगितलं नव्हतं.

माई_कोल्हापूर
अर्थिंगचा विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्या फ्रीजला हात लावला की मुंग्या येतात, पावसाळ्यात जास्त. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी घालावं का?

गावाकडचा_वायरमन
माई आधी प्लग काढा, आत्ता लगेच. मीठ-पाणी नंतर. मुंग्या येतात म्हणजे अर्थची वायर कुठेतरी तुटलीय किंवा सॉकेटला जोडलेलीच नाही. माणूस बोलावून तपासा आणि मुख्य बोर्डाला ईएलसीबी आहे का ते पण बघायला सांगा. तोवर अनवाणी हात लावू नका.

खडकवाडीकर
खालच्या बाजूने वीज येण्याचा आमचा किस्सा. ६३ केव्हीएची डीपी, ११ चा फीडर बंद, परमिट घेतलेलं. गिरणीवाल्याने जनरेटर सुरू केला आणि चेंजओव्हर स्विचच नाही, थेट मेनमध्ये जोडलेला. तारेवर काम करणाऱ्याने वर रॉड लावले होते म्हणून वाचला. रॉडला ठिणगी उडाली आणि जनरेटर गुरगुरून बंद पडला. नंतर मी कागदावर मांडलं: डीपीत एका फेजच्या २५० वर ११ हजार बसतात, म्हणजे ४४ पट. जनरेटरचे २३० धरले तरी दहा हजारांवर जातात. गिरणीवाला बिचारा म्हणत होता, "मी तर फक्त २३० सोडले!"

सोलर_सुहास
जनरेटरचं पटलं. पण घरचा इन्व्हर्टर एवढं काही करू शकत नाही. आजूबाजूच्या घरांचा लोड आला की लगेच ट्रिप होतो. आणि छतावरचा सोलर लाइन गेली की स्वतःहून बंद होतो.

निवृत्त_टेस्टिंग
सोलरचं बरोबर, चांगल्या प्रतीचा असेल आणि नीट जोडला असेल तर. इन्व्हर्टरही बहुतेक वेळा ट्रिप होतो, पण ट्रिप होईपर्यंत वर काय असतं? आणि रानातली एकटी डीपी, त्यावर एकच घर, मग लोड कुणाचा येणार? म्हणून आम्ही डीपीवर चढताना खालचे एलटीचे फ्यूजही काढतो. वरचे डीओ आणि खालचे किटकॅट, दोन्ही. त्या साहेबांची दोन तोंडं डीपीलाही आहेतच.

सोलर_सुहास
बॅटरीवाल्या हायब्रिडचं काय मग? त्याला घरासाठी वेगळं आउटपुट असतं, पण लोक ते कुठेही जोडतात. याचं उत्तर मला खरंच कुणाकडून मिळालेलं नाही.

मस्कतहून_मिलिंद
इकडे प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप असतं. दहा माणसं तर एका पेटीवर दहा कुलपं, आणि स्विचची किल्ली त्या पेटीत. शेवटचं कुलूप निघाल्याशिवाय पेटी उघडतच नाही. एकदा एक जण कुलूप तसंच ठेवून जेवायला गेला, तासभर सगळे ताटकळले, पण कुणी तोडायचं नाव काढलं नाही. मूळ लेखातल्या फोरमनच्या खिशातल्या किल्लीत मला एक शंका आहे: सातजणांपैकी एक मागे राहिला आणि फोरमनने परमिट परत केलं तर?

धागाकर्ता
मिलिंद, शंका रास्त आहे. आमच्याकडे त्याला एकच उपाय होता, डोकी मोजणं. परत करताना साहेबांनी आम्हा सातही जणांना कुंपणाबाहेर ओळीत उभं केलं, नावाने हाक मारली, मग पाने मोजले, मग रॉड. एक पाना कमी भरला. तो ट्रान्सफॉर्मरच्या टाकीवर सापडला, अगदी बुशिंगशेजारी. तेवढ्यासाठी पुन्हा अर्धा तास गेला. एकदा काढलेले रॉड परत लावल्याशिवाय त्यांनी कुणाला वर जाऊ दिलं नाही. पण कुलपांची पेटी जास्त पक्की, हे मान्य.

खादाड_खान्देशी
गॅस्केटचं काय झालं ते राहिलंच की!

धागाकर्ता
बसलं! रबर मिसळलेल्या बुचाचं होतं. बुशिंगच्या खालपर्यंत तेल उतरवून घेतलं, जुनं खरवडलं, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेलो. एका बाजूने आधी आवळलं तर पोर्सेलिन तडकतं. तेल परत भरलं, हवा काढली. संध्याकाळी ३३ आधी चढवला आणि घूं सुरू झाली. तेव्हा आम्ही सातही जण कुंपणाबाहेर होतो.

सुप्रिया_१२
माई, प्लग काढलात का?

माई_कोल्हापूर
काढला गं. दूध शेजारणीच्या फ्रीजमध्ये ठेवलंय. उद्या सकाळी माणूस येतोय.