‘स्तंभनदोष’ मराठीत चालेल का? आणि गोळीला ‘उत्तेजक’ म्हणावं का?

पलासियाकर: इंदूरमधल्या एका दवाखान्यासाठी हिंदी पत्रक मराठीत करतोय. मूळ शब्द ‘स्तंभन दोष’. मी ‘स्तंभनदोषावरील उत्तेजक गोळी’ असं लिहिलं. आमच्या वैद्यकाकांनी दोन्ही शब्दांवर लाल पेन फिरवलं. कारण विचारलं तर म्हणाले, विचार कर.

जुना मास्तर: काकांचं चुकलं. स्तंभ म्हणजे खांब. खांबासारखं ताठ होणं म्हणजे स्तंभन, ते न होणं हा दोष. आणि गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उत्तेजना येते, म्हणून ती उत्तेजक. यात चर्चा कसली?

काउंटरवाली: मास्तर, अर्धंच बरोबर. आयुर्वेदात स्तंभन म्हणजे रोखून धरणं, शुक्रस्तंभन म्हणजे वीर्य लवकर पडू न देणं. त्यामुळेच आमच्या दुकानात लवकर पतन होणारी माणसंसुद्धा ‘स्तंभनवाली’ म्हणून सिल्डेनाफिल, म्हणजे हीच ताठ होण्यासाठीची गोळी, मागतात. तो त्रास वेगळा, त्याचं औषधही वेगळं. काकांची पहिली लाल रेघ त्यासाठी असावी.

दुसरी रेघ जास्त महत्त्वाची. ही गोळी इच्छा निर्माण करत नाही. मनात इच्छा आली, स्पर्श झाला, की तिथल्या नसांच्या इशाऱ्याने रक्तवाहिन्या सैल पाडणारं रसायन तयार होतं आणि रक्त भरतं. ते रसायन मोडणारं एक विकर शरीरात असतं, त्याला ही गोळी अडवते. म्हणजे नळ तुम्हीच सोडायचा, गोळी फक्त मोरीला बोळा लावते. नळच बंद असेल तर बोळ्याने काय भरणार?

‘उत्तेजक’ शब्दाने काय होतं ते सांगते. रविवारी दुपारी दोनला एक गृहस्थ दाल-बाफले जेवले. बाफले तुपात बुडवूनच खायचे, हे इथल्यांना सांगायला नको. उठता उठता ५० मिलिग्रॅमची गोळी घेतली आणि टीव्हीपुढे बसून वाट पाहिली. पाऊण तासात काहीच नाही, म्हणून दुसरी घेतली. संध्याकाळी तोंड लाल, डोकं ठणकतंय, नाक चोंदलेलं. सोमवारी दुकानात हजर: ‘भिया, माल नकली है.’ माल ठीक होता. तुपकट जेवणावर सिल्डेनाफिलचा असर साधारण तासभर लांबतो. त्यात हे एकटेच बसलेले, बायको माहेरी! चोवीस तासांत एकच गोळी घ्यायची, दुसरी नाही. डॉक्टरांनी त्यांना पुन्हा समजावलं: रात्री आठला हलकं जेवा, दहाच्या सुमारास एक गोळी, मग साधारण तासाभराने जवळ या. असर चारेक तास राहू शकतो, पण तेवढा वेळ ताठरता टिकते असं नव्हे, त्या वेळात इच्छा झाली तर शरीर साथ देतं. चार तास न उतरणारी ताठरता मात्र थेट इस्पितळात जाण्याची गोष्ट. महिन्याने म्हणाले, ‘पंचविशीतला नाही झालो, पण जमतं. दोनदा फसलं.’ एकदा फसली म्हणून गोळी बाद ठरवू नये, बरोबर पद्धतीने सहा-आठ वेळा घेऊन बघतात, मग डॉक्टर मात्रा बदलतात. मधुमेह जुना असेल तर असर कमी पडू शकतो.

निवांत आजोबा: ताई, म्हणजे हलकं जेवून घेतली की झालं ना? माझं वय ६८, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट खिशातच असते.

काउंटरवाली: नाही, काका. तुमच्यासाठी ही गोळी नाहीच. सॉर्बिट्रेट म्हणजे नायट्रेट. दोन्ही मिळून रक्तदाब एकदम इतका खाली येतो की जिवावर बेतू शकतं. घेऊन बसला असाल आणि छातीत दुखलं, तर सॉर्बिट्रेट जिभेखाली न ठेवता लगेच इस्पितळ गाठा आणि ‘ही गोळी घेतली होती’ हे सर्वांत आधी सांगा, लाजू नका. आणि दुसरा काही मार्ग आहे का, ते हृदयरोगतज्ज्ञांनाच विचारा.

जुना मास्तर: बरं, उत्तेजक सोडलं. पण एक दिवसापेक्षा जास्त चालणारी गोळीही असते म्हणतात, ती तरी उत्तेजक?

काउंटरवाली: टॅडालाफिल. असर ३६ तासांपर्यंत राहू शकतो, जेवणाचं बंधन नाही, पण इच्छा तीतही तुमचीच लागते. नायट्रेटची बंदी तिलाही, आणि ती शरीरात जास्त काळ राहते म्हणून जास्त काळ.

सराफ्यातली: मला मूळ प्रश्न वेगळाच वाटला! ‘ताठरता’ ऐकलं की मला सासऱ्यांचा ताठर स्वभाव आठवतो. पत्रकात ‘ताठरतेचा अभाव’ लिहिलंत तर कुणी म्हणेल, चांगलंच आहे की, माणूस नरमला. ‘ताठपणा’ घ्या.

जुना मास्तर: ताठपणा म्हणजे गर्व, बाई. ‘उत्थान’ घ्या.

काउंटरवाली: ‘उत्थान’ वाचून कुणी काउंटरवर विचारणार नाही. समाजाचं उत्थान समजून पत्रक घडी करून ठेवतील.

पलासियाकर: काकांना दाखवलं. सध्याचं वाक्य असं: ‘ही गोळी इच्छा जागवत नाही, इच्छा असताना लिंगाला ताठ होण्यास मदत करते. नायट्रेट घेत असाल तर घेऊ नका.’ काकांनी लाल पेन उचललं, ‘नायट्रेट’खाली रेघ मारली आणि म्हणाले, लोकांना हा शब्द कळत नाही, सॉर्बिट्रेट लिही. आजाराच्या नावाची जागा अजून रिकामीच आहे.