मदत हवी: खोलीच्या वर्णनात सम कधी, एनी कधी?

वैतागलेला बाबा: मुलगी चौथीत, मराठी माध्यम. चित्र बघून खोलीचं इंग्रजीत वर्णन करायचं होतं, तीन वाक्यांवर लाल खुणा आल्यात. मला तर तिन्ही बरोबर वाटतात. उद्या वही दाखवायची आहे, लवकर सांगा.

माई: वाक्यं टाका आधी.

कट्ट्यावरचा: वाक्यं कशाला? होकाराला सम, नकाराला आणि प्रश्नाला एनी. आम्ही घोकलं होतं. विषय संपला.

वैतागलेला बाबा: घ्या.
देअर आर अ बेड अँड टू चेअर्स.
देअर एनी फॅन.
देअर आर सम फर्निचर.

माई: दुसऱ्यात काहीतरी गाळलंय तुम्ही. चित्रात पंखा आहे का?

वैतागलेला बाबा: नाही, फुली मारलीय. 'इजन्ट' छापलेलंच होतं, तिने फक्त एनी भरलं. नकारच आहे ना मग?

माई: आहे, पण पंखा एकच धरलाय आणि तो मोजता येतो. अशा वेळी नकारातही 'अ'च: देअर इजन्ट अ फॅन. पडदे असते तर देअर आरन्ट एनी कर्टन्स. पाणी मोजत नाहीत, म्हणून देअर इजन्ट एनी वॉटर इन द जग. कट्ट्यावरचे, तुमचं घोकलेलं इथेच अडतं. फर्निचरही इंग्रजीत पाण्यासारखंच. खोलीत दहा वस्तू असोत, देअर इज सम फर्निचर.

सेमीवाली आई: आमच्याकडे 'टेबल इज देअर' असंच बोलतात सगळे, शाळेतसुद्धा. त्याचं काय करायचं? पहिलीपासून सेमीला घाला, हे प्रश्नच येत नाहीत.

कट्ट्यावरचा: बेडचं काय चुकलं ते सांगा. एक बेड, दोन खुर्च्या, झाल्या तीन वस्तू. 'आर'च पाहिजे.

माई: देअर इजच्या लगेच पुढे काय आलंय ते बघायचं. अ बेड, म्हणून इज. खुर्च्या आधी घेतल्या की देअर आर टू चेअर्स अँड अ बेड.

कट्ट्यावरचा: म्हणजे खुर्च्या सरकवल्या की व्याकरण बदलणार! पटत नाही.

माई: 'आर'चा आग्रह धरणारेही आहेत, अगदीच चूक म्हणता येणार नाही. पण बोलण्यात 'इज'च येतं आणि सुरुवातीच्या वर्कशीटची उत्तरं तशीच असतात.

चहाबाज: मग पाहुण्याला 'वुड यू लाइक सम टी?' कसं विचारतात? तो प्रश्नच आहे की.

माई: तिथे चहा देऊ करतोय, आहे की नाही याची चौकशी नाही करत. खोलीच्या वर्णनात ते येत नाही, चौथीतल्या पोरीला नका सांगू.

वैतागलेला बाबा: पंखा आणि फर्निचर पटलं. बेडचं बाईंनाच विचारतो. मागच्या पानावर 'इज देअर ___ लॅम्प?' आहे, तिथेही एनी भरलंय.

कट्ट्यावरचा: प्रश्न आहे. राहू द्या.

माई: दिवा एकच विचारलाय. अ. खाली 'आर देअर ___ बुक्स?' असेल तर तिथे एनी चालेल.