काचेवरची वाफ घालवणारे बटण परत मिळावे म्हणून कार कंपनीला पत्र : मसुद्यावर सल्ला हवा

कुंभार्ली_मार्गे

नमस्कार. चिपळूणहून कराडला माझे नेहमी जाणे-येणे असते, म्हणजे पावसाळ्याचे चारही महिने कुंभार्ली घाट. आमच्या जुन्या गाडीत एसीच्या पट्टीवर समोरच्या काचेचे चित्र असलेले एक बटण होते. ते बोटाला ओळखीचे असल्यामुळे रस्त्यावरची नजर न काढता दाबता येई. त्याच कंपनीची त्याच नावाची नवी पिढी घेतली, तर ते बटण गेले आहे आणि सगळी हवेची व्यवस्था मधल्या स्क्रीनवर आली आहे. स्क्रीनवर फोनचा नकाशा चालू असेल तर आधी होमवर यावे लागते, मग क्लायमेटचे पान उघडावे लागते आणि त्यानंतर कोपऱ्यातले काचेचे छोटे चित्र दाबावे लागते. पावसात माणसे भिजून गाडीत बसली की काच आतून काही क्षणांत धूसर होते आणि नेमके तेव्हाच हे तीन टप्पे करावे लागतात.

मी कंपनीला पत्र लिहीत आहे. त्यातले मुख्य वाक्य सध्या असे आहे : "आपण काढून टाकलेले बटण सॉफ्टवेअर अपडेटद्वारे पुन्हा उपलब्ध करून द्यावे, ही विनंती." हे वाचून कंपनी एका ओळीत नकार कळवेल, अशी मला शंका आहे. स्टिअरिंगवर ताऱ्याचे चिन्ह असलेले एक बटण आहे आणि त्याला कोणते काम द्यायचे ते सेटिंगमध्ये निवडता येते. मात्र त्या यादीत फोन, नकाशा, रेडिओ असेच पर्याय आहेत, हवेचा एकही नाही. मागणी कशी मांडावी आणि पत्र कोणाकडे पाठवावे, हे जाणकारांनी सांगावे.

सुहास_डोंबिवली

आपली शंका रास्त आहे. बटण ही वस्तू आहे आणि सॉफ्टवेअरमधून वस्तू येत नाही. जुन्या गाडीत त्या बटणापासून एसीपर्यंत स्वतंत्र वायर गेलेली असते, नव्या गाडीत ती वायरच नाही. त्यामुळे माझ्या मते सॉफ्टवेअरचा विषय सोडून द्यावा आणि युरोपातल्या नियमाचा दाखला द्यावा. युरो एनकॅपने २०२६ पासून एसीची बटणे सक्तीची केली आहेत, असे मी वाचले आहे. जे तिथे देतात ते इथे का देत नाहीत, असा थेट प्रश्न विचारावा.

हार्नेस_आणि_रिले

मी वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सुहासराव, वस्तू सॉफ्टवेअरमधून येत नाही हे खरे, पण वायरीबद्दलचे म्हणणे आताच्या गाड्यांना बहुधा लागू पडत नाही. ऑटोमॅटिक एसी असलेल्या बहुतेक गाड्यांत बटण दाबले की एक छोटा संदेश तयार होतो, तो गाडीच्या अंतर्गत जाळ्यावरून एसीच्या कंट्रोलरकडे जातो आणि पुढची सगळी कामे कंट्रोलर करतो : हवेची झडप काचेकडे वळवणे, दमटपणा काढण्यासाठी कॉम्प्रेसर सुरू करणे, बाहेरची हवा आत घेणे आणि पंखा वाढवणे. स्क्रीनवरचे चित्र दाबल्यावरही कंट्रोलरला अशीच आज्ञा मिळते. स्टिअरिंगवरचे ताऱ्याचे बटणही त्याच जाळ्याला जोडलेले असते. म्हणजे बटण गाडीत आहे, कामही गाडीत आहे, दोघांना जोडणारी नोंद तेवढी नाही, आणि ही नोंद सॉफ्टवेअरचाच भाग आहे.

याला उदाहरण आहे. टेस्लाच्या मॉडेल ३ आणि मॉडेल वायमध्ये स्टिअरिंगवरची डावी चकती दाबून धरल्यावर काय व्हावे ते चालकाला निवडता येते, आणि त्या पर्यायांत तापमान व पंखाही आहेत. आधी विकल्या गेलेल्या गाड्यांनाही ही सोय अपडेटमधूनच मिळाली. उलट बाजूचे उदाहरण फोक्सवॅगनचे. त्यांच्या आयडी.३ आणि आठव्या गोल्फमध्ये तापमानाच्या स्पर्शपट्ट्यांना रात्री प्रकाश नव्हता. नंतरच्या गाड्यांत तो आला, पण त्यासाठी पट्टीच बदलावी लागली, कारण नसलेला दिवा कोणतेही अपडेट लावू शकत नाही. आपल्या पत्राची मर्यादा या दोन उदाहरणांच्या मध्ये येते. "बटण परत द्या" असे न लिहिता "ताऱ्याच्या बटणाच्या यादीत समोरची काच हा पर्याय द्या" असे लिहावे.

युरो एनकॅपबद्दलचा दाखला कृपया देऊ नये. २०२६ च्या निकषांत प्रत्यक्ष बटण किंवा दांडी अपेक्षित आहे ती इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांसाठी. त्यांत एसी नाही. शिवाय तो कायदा नाही, गुणांकन आहे. पत्रात एक चुकीचा दाखला सापडला की उत्तर देणारा तेवढ्यावरच उत्तर देतो आणि मूळ मागणी बाजूला पडते.

मालवणचो_दादा

ताई, बटणाच्या मागे कशाला लागता? आमच्याकडे पावसात काच धूसर झाली की मी वायपर एकदा फिरवतो आणि एसीचे तापमान दोन-तीन अंश वाढवतो, काच लगेच साफ होते. काचेवर गार हवा सोडली तर उलट जास्त धरते, हे माझ्या गाडीत मी नेहमी पाहतो.

कुंभार्ली_मार्गे

दादा, आपण सांगता ती वाफ काचेच्या बाहेरच्या बाजूची. माझ्याकडे बोटाने पुसल्यावर आतून रेघ उमटते, तिथे वायपरचा उपयोग होत नाही. अर्थात घाट उतरून खाली उकाड्यात आल्यावर गार झालेल्या काचेवर बाहेरूनही वाफ धरते आणि तेव्हा आपला उपाय बरोबर ठरतो.

हार्नेस_आणि_रिले

दादांचे म्हणणे पत्रासाठी फार कामाचे आहे. ग्राहक कक्षाकडून येणारे पहिले उत्तर नेमके हेच असते : तापमान वाढवून पाहा, मॅन्युअलचे अमुक पान वाचा. म्हणून वाफ आतल्या बाजूला होती आणि बोटाने पुसून खात्री केली होती, हे पत्रातच लिहावे. एसी चालू होता की बंद आणि आतलीच हवा फिरत होती की बाहेरची घेतली जात होती, हेही लिहावे. आतलीच हवा फिरत ठेवून एसी बंद असेल, तर कंपनी वापरातली चूक म्हणून विषय संपवू शकते.

आणखी एक गोष्ट तपासावी. रिव्हर्स टाकल्यावर कॅमेऱ्याचे चित्र पूर्ण स्क्रीन व्यापते का, आणि त्या वेळी डीफॉग सुरू करता येते का? येत नसेल, तर पत्रातला सर्वांत बिनतोड मुद्दा तो असेल. आवडीनिवडीवर वाद घालता येतो, पण काम करताच येत नाही यावर वाद घालता येत नाही.

ग्राहकमार्ग_नाशिक

कायद्याच्या बाजूने पाहू. गाडी घेताना बटण नव्हते आणि आपण ती पाहून घेतली, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली याला वस्तूतील दोष म्हणणे अवघड जाईल. मात्र खरेदीनंतर एखाद्या अपडेटने असलेली सोय काढली असेल, तर प्रकरण वेगळे होते. त्यामुळे हे पत्र तक्रार म्हणून न लिहिता सुरक्षेशी संबंधित विनंती म्हणून लिहावे. आधी कंपनीच्या ग्राहक कक्षाला ईमेल करून तक्रार क्रमांक घ्यावा आणि डीलरला प्रत द्यावी. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, नोंद करता येते. पुढे आयोगाकडे जायचे झाल्यास कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, हे लक्षात ठेवून सर्व पत्रव्यवहार जपून ठेवावा.

सुहास_डोंबिवली

सुरक्षेचा मुद्दा मान्य केला, तर "दोष नाही" हे आपणच आधी कबूल का करायचे? काच दिसेनाशी होणे हा दोष नाही तर दुसरे काय?

ग्राहकमार्ग_नाशिक

काच साफ करण्याची सोय गाडीत आहे, फक्त ती गैरसोयीच्या जागी आहे, असा बचाव कंपनी करेल. तो आयोगापुढे टिकेल की नाही, हे मी खात्रीने सांगणार नाही. म्हणून पत्रात "दोष" हा शब्दही नको आणि "दोष नाही" असेही नको.

कुंभार्ली_मार्गे

सर्वांचे आभार. घरासमोर उभ्या गाडीत तपासले : रिव्हर्समध्ये कॅमेरा पूर्ण स्क्रीन घेतो आणि डीफॉग सुरू करण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. नंतर मी गाडी चालवत असताना शेजारी बसलेल्या दिरांनी फोनवर वेळ मोजली. नकाशापासून डीफॉगपर्यंत सुमारे सात सेकंद लागले. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे तेवढ्यात पाऊणशे मीटरहून अधिक. सुधारलेला मसुदा देते.

"महोदय, माझ्या गाडीचा चॅसिस क्रमांक, खरेदीची तारीख आणि स्क्रीनवरील सॉफ्टवेअरची आवृत्ती खाली दिली आहे. एसी चालू आणि बाहेरची हवा आत घेतली जात असतानाही पावसात प्रवासी भिजून बसल्यास समोरची काच आतून धूसर होते. बोटाने पुसून याची खात्री केली आहे. फोनचा नकाशा चालू असताना डीफॉग सुरू करण्यासाठी स्क्रीनवर तीन स्पर्श आणि सुमारे सात सेकंद लागतात. गाडी रिव्हर्समध्ये असताना डीफॉग सुरू करताच येत नाही. याची चित्रफीत उभ्या गाडीत घेऊन सोबत जोडली आहे. आपल्या मागील पिढीच्या गाडीत यासाठी स्वतंत्र बटण होते. या गाडीत नवे बटण बसवण्याची मागणी मी करीत नाही. स्टिअरिंगवरील ताऱ्याच्या बटणाला 'समोरची काच' हे काम देण्याचा पर्याय पुढील अपडेटमध्ये समाविष्ट करावा, आणि नकाशा व कॅमेरा चालू असतानाही डीफॉगचे चिन्ह स्क्रीनच्या कडेला दिसत राहावे, अशी विनंती आहे. हे शक्य नसल्यास त्याचे तांत्रिक कारण लेखी कळवावे."

हार्नेस_आणि_रिले

मसुदा उत्तम आहे. शेवटच्या वाक्यामुळे पत्र ग्राहक कक्षातून तांत्रिक विभागाकडे सरकण्याची शक्यता वाढते. त्यात मी एका प्रश्नाची भर घालेन : स्क्रीन गोठली किंवा पुन्हा सुरू होत असली, तरी हे बटण चालेल का?

कारण असे की ताऱ्याच्या बटणाचे काम कोणते, ही नोंद अनेक गाड्यांत स्क्रीनच्या संगणकातच ठेवलेली असते. बटण दाबल्याचा संदेश आधी स्क्रीनकडे जातो आणि स्क्रीन तो पुढे एसीला देते. अशा रचनेत स्क्रीन अडकली की बटणही निकामी. जुने बटण स्क्रीनच्या भरवशावर नव्हते, हाच त्याचा खरा फायदा होता. ही नोंद गाडीच्या बॉडी कंट्रोलरमध्ये ठेवली तर तो फायदा परत मिळतो, पण तो कंट्रोलर घरबसल्या येणाऱ्या अपडेटने बदलता येतोच असे नाही. कधी सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी जोडूनच तो बदलावा लागतो. आपली त्याला तयारी आहे, हे पत्रात लिहून ठेवावे, म्हणजे ती सबब उरणार नाही.

आपल्या गाडीत ही नोंद कुठे आहे, हे साधेपणाने पाहता येईल. गाडी उभी असताना बहुतेक मॉडेलमध्ये आवाजाचे किंवा पॉवरचे बटण बराच वेळ दाबून धरल्यावर स्क्रीन पुन्हा सुरू होते. आपल्या मॉडेलची रीत मॅन्युअलमध्ये असेल. त्याआधी ताऱ्याला फोन हे काम द्यावे आणि स्क्रीन काळी असताना तारा दाबावा. काहीच झाले नाही तर नोंद स्क्रीनमध्ये असण्याची शक्यता मोठी आहे, तरी पक्के सांगता येणार नाही, कारण फोनचे काम स्वतःच स्क्रीनवर अवलंबून असते.

मालवणचो_दादा

ताई, ते बटण एकदा दाबून चालू होणार की दाबून धरून, हेही विचारा. आमच्या सौभाग्यवतींच्या गाडीत दाबून धरायचे आहे, आणि घाईत ते दर वेळी सुटते.

कुंभार्ली_मार्गे

दादा, हा मुद्दा घेतला : "एका दाबात सुरू, दुसऱ्या दाबात बंद" असे लिहिते. हार्नेस, स्क्रीनची चाचणी रविवारी करते. ग्राहकमार्ग, डीलरची प्रत त्यांच्या सर्व्हिस मॅनेजरच्या नावे द्यावी की विक्री विभागाच्या?

ग्राहकमार्ग_नाशिक

सर्व्हिस मॅनेजरच्या नावे द्यावी, आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच म्हणून तारखेसह सही-शिक्का घ्यावा.